दर रविवारी भरलेली बॅग

मी एक जुनी सुटकेस आहे. तपकिरी रंगाची, कडक अंगाची, दोन पितळी खटक्यांची. आता मी मुलुंडच्या एका घरात पोटमाळ्यावर असते. माझ्यात नको असलेले स्वेटर आणि एक फाटकी मच्छरदाणी ठेवली आहे. पण मित्रांनो, माझाही एक काळ होता. तो फार मोठा नव्हता आणि फार लांबवरचाही नव्हता. मुलुंड ते बोरिवली, एवढाच.

माझा जन्म अंधेरीच्या एका कारखान्यात झाला. तापवलेला पत्रा साच्यात दाबून माझं अंग घडवलं, आत निळं सॅटिन चिकटवलं आणि झाकणाला एक चुणीदार कप्पा शिवला. घाटकोपरच्या दुकानात मी काचेमागे उभी होते. उत्तराच्या लग्नाआधी तिची आई मला घेऊन आली. शेजारच्या प्रेमाकाकूंनी माझे खटके तीनदा उघडून मिटून पाहिले आणि म्हणाल्या, "झकास आहे हो! मुलीसोबत जन्मभर जाईल." माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

लग्नात मी उत्तराबरोबर बोरिवलीला गेले. दीड वर्षाने, सातवा महिना लागल्यावर, तिच्याबरोबर मुलुंडला परत आले. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे तुम्हाला माहीत असेल. एप्रिलमध्ये मुलगी झाली. बारशाला उत्तराचे यजमान मार्तंड आले, मुलीच्या बोटात अंगठी घालून गेले. नाव ठेवलं मीरा. तीन महिने झाले की नवऱ्याने येऊन बायकोला आणि बाळाला घेऊन जायचं, अशी रीत. आपण होऊन कुणी जात नाही. न्यायला यावं लागतं.

जुलैच्या पहिल्या रविवारी उत्तराने मला पहिल्यांदा भरलं. तळाला साड्या, त्यावर बाळाची दुपटी, टोपरी, लंगोट. बाटली उकळून, फडक्यात गुंडाळून एका कोपऱ्यात. ग्राइप वॉटर सांडू नये म्हणून झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा. उत्तराचा स्वभाव काळजीचा होता. ती बी.ए. झालेली होती, पण बाटलीचं झाकण मात्र चारदा तपासायची. साडेदहाला माझे खटके मिटले, आणि लगेच खालून प्रेमाकाकूंची हाक आली.

"उत्तराऽ! बोरिवलीचा फोन!"

चाळीत फोन एकट्या प्रेमाकाकूंकडे होता. उत्तरा धावत गेली आणि सावकाश वर आली.

"भिंतीला ओल आलीय म्हणतात. बाळाला सर्दी होईल. पुढच्या रविवारी नक्की."

"काळजी आहे हो पोरीची," आई म्हणाली. सगळ्यांना बरं वाटलं. मलाही वाटलं. उत्तराने मला रिकामं केलं.

पुढच्या रविवारी ओल वाळली नव्हती. मग सासूबाईंना कांजिण्या उठल्या. कांजिण्यांच्या घरात तान्हं मूल कसं न्यायचं? ते तीन रविवार गेले. मग गणपतीचे पाहुणे. मग पितृपक्ष, त्यात तर कुणीच नेत नाही. मग कचेरीत मालाची मोजणी. मग दिवाळीसाठी घराला रंग काढला, आणि ओल्या रंगाचा वास बाळाच्या छातीत बसतो. मीराची पहिली दिवाळी मुलुंडला झाली.

दर रविवारी मी भरली जायचे. दर रविवारी माझे खटके मिटल्यावर फोन यायचा. प्रेमाकाकूंना इतकी सवय झाली की त्या साडेदहाला रेडिओ बारीक करून फोनजवळ बसायच्या. पुढे पुढे त्या उत्तराला बोलवायच्याही नाहीत. जिन्यातूनच सांगायच्या, "आज रंग आहे गं! सोड बॅग!"

आणि चाळ हसायची.

उत्तराचा मोठा भाऊ बाळदादा कांजिण्यांच्या त्या दिवसांत एकदा चिडून न सांगता बोरिवलीला जाऊन आला. "अगं, खोटं नाही," तो म्हणाला. "खरंच कांजिण्या आहेत. अंगभर खपल्या. मीच दारातून पळालो."

तेव्हापासून उत्तराची झोप गेली. कारण खोटं असतं तर भांडता आलं असतं.

त्या वेळी एका साप्ताहिकात सुगंधाताईंचा सल्ला यायचा. बायका आपल्या अडचणी लिहायच्या, ताई उत्तर द्यायच्या. कागदाच्या एकाच बाजूला लिहा, खरं नाव-पत्ता कळवा, तो छापला जाणार नाही, अशी खाली चौकट असे. दिवाळी संपल्यावर एका दुपारी, मीरा झोपली असताना, उत्तराने मला पाटासारखं मांडीवर घेतलं आणि माझ्या झाकणावर कागद ठेवून पत्र लिहिलं. दोनदा फाडलं. तिसरं राहिलं. तिच्या पेनाचा दाब माझ्या अंगावर उमटत होता, म्हणून मला ते पाठ आहे.

तिने रविवार आणि कारण, असं ओळीने सगळं लिहिलं होतं. आणि पुढे: "प्रत्येक कारण खरं आहे. भावाने जाऊन पाहिलं. पण सासूबाईंना कांजिण्या गुरुवारी उठल्या आणि मला फोन रविवारी साडेदहाला आला. बोरिवलीहून नवाला निघाल्याशिवाय अकरापर्यंत पोचता येत नाही. म्हणजे साडेदहाला ते घरी असतात, तर त्या दिवशी निघायचं त्यांच्या मनात नव्हतंच. मी बॅग भरते हे त्यांना ठाऊक आहे. ताई, ह्यातलं कुठलं कारण खोटं आहे, ते मला सांगाल का?"

उत्तर डिसेंबरमध्ये छापून आलं. पत्र निम्मं कापलेलं होतं. नावाच्या जागी "उ., मुलुंड" होतं. उत्तराने तो अंक माझ्या कप्प्यात लपवला आणि दिवसातून दहा वेळा काढून वाचला. सुगंधाताईंनी लिहिलं होतं:

"बाई, तुम्ही कारणं तपासत बसलात, इथेच चुकलात. सगळी कारणं खरी असतील. ज्याला यायचं नसतं, त्याला खरी कारणं सापडतात. तुम्ही मोडलेले बेत मोजा. आणि हे पाहा, बेत मोडल्यावर पुढचा दिवस ते आपण होऊन ठरवतात, की तुम्ही विचारल्यावर 'पुढच्या रविवारी' म्हणतात? घर बाळाला योग्य नसेल, पण तुमच्या माहेराला ओल आलेली नाही. तिथे नुसतं भेटायला ते किती वेळा आले? शेवटी एक करा. 'तुम्ही येऊ नका, मीच येते' म्हणा. दिवस त्यांना निवडू द्या. मग काय ऐकू येतं ते लक्ष देऊन ऐका."

बारशानंतर मार्तंड एकदाही आले नव्हते. उत्तराने हे मोजलंच नव्हतं. पाच महिने ती फक्त कारणं मोजत होती.

ती तशीच फोनवर गेली. वर आल्यावर तिने आईला सांगितलं.

"मी म्हटलं, अहो, तुम्ही येऊ नका, मीच येते. रविवारी म्हटलं तर पाहुणे आहेत. सोमवारी पाणी नाही. मंगळवारी आई देवळात. शेवटी म्हटलं, तुम्हीच सांगा कुठला दिवस. तर म्हणाले, प्रेमाकाकूंचं बिल वाढत असेल, ठेव."

"मग?"

"मग काय. रविवारी जाते."

"न बोलावता?" आईच्या हातातलं उलथणं थांबलं. "लोक काय म्हणतील?"

"लोक रोज जिन्यातून म्हणतातच आहेत."

त्या रविवारी साडेदहाला फोन वाजला असेल तर माहीत नाही. आम्ही नवालाच निघालो. बाळदादाने मला उचललं, उत्तराने मीराला. मी ठासून भरले होते आणि मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला होता. बॅगेला दुसरा आनंद कसला असणार?

बोरिवलीच्या घराचं दार उघडं होतं. पाहुणे नव्हते. भिंतींना नवा पिस्ता रंग होता आणि तो केव्हाच वाळला होता. मधोमध कॅरम मांडला होता. मार्तंड आणि त्यांचे मित्र चंद्रप्रकाश समोरासमोर बसले होते.

"अरे, वहिनी!" चंद्रप्रकाश उठले आणि त्यांना हसू आवरेना. "वाट लागली! मार्तंड, आज काय ठरलं होतं रे? पाहुणे ना? पाहुणा मीच वाटतं." मग उत्तराकडे वळून म्हणाले, "वहिनी, रागावू नका हं. ओलीची आयडिया माझी. कांजिण्या मात्र ओरिजिनल."

मार्तंडनी स्ट्रायकर खाली ठेवला. ते संकोचले नाहीत.

"एक तरी खोटं बोललो का मी?" त्यांनी विचारलं. "ओल नव्हती? रंग नव्हता?"

"होता," उत्तरा म्हणाली. "सगळं होतं. पण तुम्हाला मुलीला बघावंसं वाटलं नाही?"

"खरं सांगू? घर शांत होतं गं. बरं वाटत होतं. ठरवून काही नव्हतं. एकेक रविवार गेला."

मीरा जागी झाली आणि अनोळखी माणसाकडे पाहून रडू लागली. ती बापाकडे पाहत होती.

एवढ्यात सासूबाई आतून आल्या. हातात तोच अंक होता. फिरत्या वाचनालयाचा, मेणकापडी कव्हर घातलेला. तो अंक इमारतीत वरच्या मजल्यापासून खाली घरोघरी येतो. सुगंधाताईंच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं, "दुसऱ्या मजल्यावरच्या का?" आणि दुसऱ्या अक्षरात, "हो!! कांजिण्या आठवा."

"माझ्या खपल्या गावभर वाटल्यास," सासूबाई म्हणाल्या. "कुठल्या तोंडाने आलीस?"

"नाव नव्हतं छापलं, आई."

"नाव कशाला पाहिजे? मुलुंडची सून आणि कांजिण्या झालेली सासू बोरिवलीत किती असतात?"

मी मार्तंडच्या चेहऱ्याकडे पाहत होते. त्यांनी अंक घेतला, पान वाचलं, आणि त्यांच्या कपाळावरची आठी हळूहळू पुसली गेली. पाच महिने हा माणूस रविवारी रविवारी कारण शोधत होता. आता त्याला असं कारण मिळालं होतं की पुन्हा शोधायला नको. आणि ते बायकोनेच पोस्टाचं तिकीट लावून पाठवलं होतं.

"आता कसं ठेवायचं तुला इथे?" ते शांतपणे म्हणाले. "तूच सांग. माझी आई जिन्यात तोंड दाखवू शकत नाही."

बाळदादा पुढे झाला. उत्तराने त्याला मागे ओढलं. तिने एकच विचारलं, "किती दिवस?"

"बघू," मार्तंड म्हणाले.

मग त्यांनी वाकून मला उचललं. मला क्षणभर वाटलं, आत नेतायत. पण ते दाराकडे वळले. दोन जिने त्यांनी मला एका हाताने नेलं, भिंतीला घासू न देता, वळणावर सांभाळून. माझ्या आतली बाटली वाजली तर म्हणाले, "अगं, काचेचं आहे वाटतं, जपून." खाली रिक्षा त्यांनीच थांबवली. मला मागच्या सीटवर नीट आडवं ठेवलं, खटके लागलेत की नाही ते बघितलं आणि रिक्षावाल्याला स्टेशन सांगितलं. नवऱ्याने बायकोची बॅग उचलून द्यावी तसं त्यांनी मला उचललं होतं. इतक्या मायेने मला आजवर कुणी हाताळलं नव्हतं.

त्यानंतरचा रविवार आला. प्रेमाकाकू फोनजवळ बसल्या. फोन वाजला नाही.

मित्रांनो, मी साधी बॅग आहे. मला फक्त भरणं आणि रिकामं होणं कळतं. कुलपात तेल घाला, ओल लागू देऊ नका, असं माझ्या जातीचे सगळेच सांगतात, तेही करा. पण मोठे झाल्यावर एक लक्षात ठेवा. न्यायचं नसेल, तर "भरू नकोस" एवढं म्हणा. ते ऐकणारीला एकदाच रडू येईल. मला बावीस वेळा भरलं आणि बावीस वेळा रिकामं केलं. दर वेळी घडी घालताना तिने बाळाचं टोपरं वर ठेवलं होतं, पोचल्यावर पटकन सापडावं म्हणून.