समुद्रपूरचं जुनं पान

दीपमाला थूल आणि नीलेश काळबांडे यांचं ऑफिस पिपरी मेघेत, नीलेशच्या वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत होतं. इंजिनिअरिंगला दोघं एकाच वर्गात होते. दीपमाला चार वर्षं पुण्यात नोकरी करून परत आली, तेव्हा नीलेशने तिला भागीदारीत घेतलं. शाळा, दवाखाने, संस्था यांची संकेतस्थळं बनवायची आणि सांभाळायची, हे त्यांचं काम.

त्यांतलं एक संकेतस्थळ मोतीबिंदूची शिबिरं भरवणाऱ्या एका ट्रस्टचं होतं. ट्रस्टचे सचिव रूपराव निवृत्त मुख्याध्यापक. शिबिर कुठे, कधी, कोणत्या गावाने किती वाजता यायचं, हे सगळं त्या संकेतस्थळावर असे आणि गावोगावच्या कार्यकर्त्या मोबाइलवर ते पाहून पेशंटांना सांगत. आदल्या वर्षी शिबिराची नोंदणी सुरू झाली तशी एवढी माणसं एकदम आली, की ट्रस्टचा छोटा सर्व्हर दोनदा बंद पडला. तेव्हा नीलेशने त्या सर्व्हरच्या पुढे सीडीएन ही सेवा लावली. मूळ सर्व्हर एकच. पण त्याच्या पानांच्या प्रती सीडीएनच्या ठिकठिकाणच्या सर्व्हरवर राहतात आणि माणसाला जवळची प्रत मिळते. नीलेशने प्रत महिनाभर ठेवायची, असा नियम घातला होता. पान बदललं की सीडीएनकडे जाऊन त्या पानाची जुनी प्रत पुसायची, म्हणजे पर्ज करायची. वर्षभर हे सुरळीत चाललं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी रूपरावांचा फोन आला. बुधवारचं शिबिर समुद्रपूरच्या मंगल कार्यालयात होतं, पण तिथला ट्रान्सफॉर्मर जळाला होता आणि वीज कधी येईल याचा भरवसा नव्हता. म्हणून शिबिर जामच्या एका सभागृहात हलवलं. दीपमालाने अकरा वाजता बदल चढवला: पानावर ठळक सूचना टाकली, गावांची यादी असलेल्या फाइलमध्ये ठिकाण आणि वेळा बदलल्या. नीलेशने शिबिराच्या पानाचा पत्ता टाकून ते पर्ज केलं. दोघांनी आपापल्या लॅपटॉपवर उघडून पाहिलं. सगळीकडे जाम होतं.

बाराच्या सुमारास समुद्रपूरहून आनंदाबाईंचा फोन आला. त्या तिथल्या आशा कार्यकर्त्या. सात गावांचे पेशंट त्यांच्याकडे होते.

"मॅडम, मले तं समुद्रपूरच दिसून राह्यलं," त्या म्हणाल्या. "रूपराव सर म्हणते जाम. कोणतं खरं मानू?"

दीपमालाने पुन्हा आपल्या लॅपटॉपवर पाहिलं आणि सांगितलं की बदल झालेला आहे, तुमच्या मोबाइलचं नेट कमजोर असेल, पान बंद करून परत उघडा. आनंदाबाईंनी उघडलं. त्यांना समुद्रपूरच दिसलं. दीपमाला म्हणाली, मोबाइल एकदा बंद करून चालू करा. मग आनंदाबाई बरं म्हणाल्या आणि फोन ठेवला. दीपमाला एका शाळेच्या निकालाच्या कामाला लागली.

चार वाजता त्यांचा परत फोन आला. या वेळी त्या घाईने बोलल्या नाहीत. तीन गावांतल्या अकरा जणांना त्यांनी पान उघडायला लावलं होतं. वेगवेगळे मोबाइल, वेगवेगळ्या कंपन्यांची सिम. अकराही जणांना समुद्रपूर दिसत होतं.

दीपमालाने आपला मोबाइल घेतला, वायफाय काढलं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असलेल्या लिंकवरून पान उघडलं. समुद्रपूर.

"नीलेश, लॅपटॉपवर आपण लॉगिन केलेलं असते," ती म्हणाली. "लॉगिन असलेल्या माणसाले सीडीएन प्रत देतच नाई, सरळ सर्व्हरवर पाठवते. तो नियम तूच टाकला होता. आपण दोघं दिवसभर आपल्याच सर्व्हरकडे पाहून राह्यलो."

नीलेशने ब्राउझरच्या लॉगिन नसलेल्या खिडकीत तीच लिंक उघडून सर्व्हरचं उत्तर तपासलं. पान सीडीएनच्या साठ्यातून आलेलं होतं आणि त्याचं वय दीड दिवस लिहिलेलं होतं. पर्ज तर त्याने स्वतः केलं होतं. त्याने लिंकचा पत्ता परत वाचला, तेव्हा त्याला दिसलं. रूपरावांच्या सांगण्यावरून त्याने यंदा प्रत्येक गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला वेगळी लिंक दिली होती. पत्ता तोच, फक्त शेवटी प्रश्नचिन्ह आणि गावाचं नाव. कोणत्या गावातून किती लोक पाहतात ते रूपरावांना हवं होतं. पण सीडीएनच्या लेखी प्रत्येक शेपटीचं पान वेगळं. नीलेशने पुसलं ते बिनशेपटीचं पान, जे गावात कुणीच उघडत नव्हतं.

सगळा साठा एकदम पुसायचा पर्याय होता. नीलेश कचरला. साठा रिकामा झाला की सगळे वाचक मूळ सर्व्हरवर येणार, आणि आदल्या वर्षीचं बंद पडणं तो विसरला नव्हता. दीपमाला म्हणाली, पान उघडलंच नाही तर माणूस फोन करून विचारेल. चुकीचं पान उघडलं तर सरळ समुद्रपूरला जाईल. नीलेशने पुसलं. पाच-सात मिनिटं पानं रेंगाळत उघडली, पण सर्व्हर टिकला.

दीपमालाने स्वतःहून आनंदाबाईंना फोन लावला.

"आता वर जाम लिवून येते," आनंदाबाई म्हणाल्या, "पण खाली यादीत समुद्रपूरच हाय. लोक यादीच पाह्यते, मॅडम."

दीपमालाने मोबाइल बंद-चालू करायला सांगितलं नाही. तिने काय काय दिसतं ते शब्दाशब्दाने वाचून घेतलं आणि लिहून काढलं. नव्या खिडकीत तिला यादी बरोबर दिसत होती. ज्यांनी पान आधी उघडलं होतं त्यांना जुनी. म्हणजे ही प्रत सीडीएनमध्ये नव्हती, लोकांच्या मोबाइलमध्येच होती. यादीच्या फाइलसोबत सर्व्हर एक सूचना पाठवत होता: ही सात दिवस जवळ ठेवा, तोवर परत विचारू नका. मोबाइल सांगितल्याप्रमाणे वागत होते. सीडीएनचा साठा पुसता येतो, गिरडसारख्या गावातल्या माणसाच्या खिशातला मोबाइल पुसता येत नाही.

उपाय तिला ठाऊक होता. पुण्याच्या कंपनीत तो रोजचा होता आणि इथे घाईत राहून गेला होता. फाइलचं नावच बदलायचं. मजकुरावरून निघालेली अक्षरं नावात घालायची, म्हणजे मजकूर बदलला की नाव बदलतं. पान मात्र मोबाइल दर वेळी नव्याने विचारून घेत होता, म्हणून नव्या पानात नवं नाव दिसलं की त्याला नवी फाइल आणावीच लागणार. नीलेश पर्जच्या बटणाकडे निघाला होता, तिने त्याला थांबवलं. आधी नवी यादी सर्व्हरवर, मग तिचं नाव असलेलं पान, आणि ते दोन्ही पोचल्यावर पर्ज. मधेच पुसलं आणि तेवढ्यात कुणी पान मागितलं, तर सीडीएन जुनंच पान पुन्हा उचलून महिनाभर जपून ठेवेल.

सव्वापाचला आनंदाबाईंनी सांगितलं की वर आणि खाली दोन्हीकडे जाम आहे. अकरापैकी ज्यांना गाठता आलं त्या सगळ्यांकडेही.

पण तोवर दिवसभर लोकांनी जुनं पान वाचलेलं होतं. रूपरावांनी शिबिराला नाव नोंदवलेल्या अडतीस पेशंटांना फोन लावायला घेतलं. दोन नंबर लागले नाहीत. गिरडजवळच्या खेड्यातले श्रावण आणि त्यांची बायको सीताबाई यांनी शेजाऱ्याचा नंबर दिला होता, तो बंद होता. नांदोरीच्या पुंडलिकरावांचा नंबर चुकीचा निघाला. चूक कुठे झाली, हे दीपमालाने रूपरावांना सरळ सांगितलं. ते रागावले नाहीत. उद्या समुद्रपूरच्या त्या मंगल कार्यालयासमोर कोण उभं राहील, एवढंच त्यांनी विचारलं.

बुधवारी दीपमाला पहिल्या एसटीने निघाली. नीलेश संकेतस्थळावर लक्ष ठेवायला मागे थांबला. सव्वासातला ती समुद्रपूरच्या मंगल कार्यालयापाशी पोचली, तेव्हा आनंदाबाई फाटकाजवळ आधीच बसलेल्या होत्या. फाटकावर त्यांनी कागद चिकटवला होता: शिबिर जामला आहे.

त्या पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या होत्या. दीपमालाने त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. काय बोलायचं ते तिने एसटीत जुळवलं होतं, पण प्रत्यक्षात एवढंच आलं:

"काकू, तुमी काल बारालेच सांगितलं होतं. मी तुमचं खरं मानलं नाई. तिथंच चार तास गेले."

आनंदाबाई म्हणाल्या, "मले बी वाटलं का माह्याच मोबाइलमंदी खोट असंन. म्हणून तं दुसऱ्यायचे पाह्यले."

आठच्या सुमारास श्रावण आणि सीताबाई एसटीतून उतरले. श्रावणने बायकोचा हात धरला होता. तिला दोन्ही डोळ्यांनी फक्त उजेड-अंधार कळत होता. शेजाऱ्याच्या पोराने काल दुपारी मोबाइलवर वाचून समुद्रपूर सांगितलं होतं. दीपमालाने जामचं सांगितलं, तर श्रावण तिच्याकडे संशयाने बघू लागला. आनंदाबाईंनी सांगितल्यावर तो बायकोला घेऊन जामला जायला ठरवलेल्या ऑटोत बसला.

पुंडलिकरावांसाठी दोघी पाऊण तास थांबल्या. नऊला आनंदाबाईंना लसीकरणाला जावं लागणार होतं, आणि तिकडे ऑटोत सीताबाई उपाशीपोटी बसल्या होत्या. फाटकावर कागद आहे, येईल तो वाचेल, असं दोघींनी ठरवलं. दीपमाला ऑटोबरोबर जामला गेली. दुपारी सीताबाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

त्या आठवड्यात दीपमाला आणि नीलेशने सगळ्याच संकेतस्थळांचे नियम बदलले. फाइलींची नावं मजकुरावरून. त्या हवा तितका काळ साठवू द्यायच्या. पानं सीडीएनवर पाच मिनिटांपेक्षा जास्त नाहीत. पत्त्यामागची गावांची शेपटी साठवताना धरायची नाही. बदल चढवला की लॉगिन नसलेल्या मोबाइलवरून, लोकांकडे असलेल्याच लिंकने तपासायचं. नीलेशने हे कागदावर लिहून टेबलासमोर लावलं.

शुक्रवारी शिबिराची नोंदवही संकेतस्थळावर चढवायला आली. पुंडलिकरावांच्या नावापुढे "गैरहजर" लिहिलं होतं. दीपमालाने नांदोरीच्या सरपंचाकडून त्यांच्या मुलाचा नंबर मिळवला. मुलगा म्हणाला, बाबा गेलते न बुधवारी, एकटेच, समुद्रपूरले. दहा वाजता. फाटकाले कुलूप होतं म्हणे, म्हणून वापस आले.

"फाटकावर कागद होता," दीपमाला म्हणाली.

"त्याईले कसा दिसंन, मॅडम," मुलगा म्हणाला. "मोतीबिंदूसाठीच तं गेलते."

तिने पुढच्या शिबिराची तारीख सांगितली आणि गाडी पाठवते म्हणाली. मग रूपरावांना फोन लावून नोंदवहीतला शेरा बदलून घ्यायला सांगितला. काय लिहू, असं त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, "हजर होते. ठिकाण आमच्याकडून चुकीचं कळवलं गेलं, असं लिहा."

रूपरावांनी तसंच लिहिलं. पुंडलिकरावांचं ऑपरेशन डिसेंबरात झालं.