शशीदादा की शशीताई

लीला परब-सावंत शनिवारी दुपारी मसुऱ्यात माहेरी आली ती हक्कसोडपत्रावर सही करायच्या तयारीनेच आली होती, हे आधी सांगून टाकतो. सही सोमवारी मालवणच्या कचेरीत व्हायची होती. म्हणजे नंतर जे काय झालं ते तिने घरातून ठरवून आणलं होतं असं कोणी म्हणू नये. तिच्या भावाने, गुरुदासाने, तसं गावभर म्हटलंय. म्हणूदे मेल्याला.

बाबा वारून वरीस झालं होतं. जमिनीवर दोन नावं होती, बाबांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं, हरिश्चंद्रकाकांचं. हे काका साठ सालाच्या आसपास आजोबांशी भांडून मालवणच्या धक्क्यावरून बोटीत बसले ते थेट आफ्रिकेत मोंबासाला. परत फिरकले नाहीत, पत्र नाही. बाबा मात्र सरळ माणूस. आजोबा गेल्यावर त्यांनी भावाचं नाव आपल्या बरोबरीने सातबाऱ्यावर चढवलं आणि मरेपर्यंत राखलं. आता गुरुदासाला काजूची फॅक्टरी घालायची होती आणि बँक म्हणत होती, आधी सातबारा साफ करून आणा. साफ करायचा म्हणजे काकांचे वारस शोधायचे आणि बहिणीला बाजूला काढायचं. बहीण काय, घरचीच. ती देतेच सही. सगळ्याच देतात.

लीलाला विहिरीकडचा तुकडा हवा होता. फार नाही, दोन खोल्या आणि पुढे चार अबोलीची झाडं मावतील एवढाच. नवरा गेल्यापासून ती कुडाळात भाड्याच्या खोलीत होती, शाळेतून निवृत्त झालेली. एकदा तिने भीत भीत विषय काढला, तेव्हा गुरुदास हसून म्हणाला होता, "खोली कित्याक होई गो तुका? ह्या घर तुझाच मा?" वहिनी, यशोदा, आत भांडी आपटत होती. लीला गप्प बसली. माहेर तुटलं तर काय करायचं, एवढ्या एका भीतीने ती आजवर गप्पच बसत आली होती.

तर नैरोबीच्या महाराष्ट्र मंडळाकडून गुरुदासाने पत्ता मिळवला. काका कधीच वारले होते, काकीही नव्हती. एकच अपत्य, मोंबासात असतं, शशी एच. परब, आणि खाली ईमेल. मंडळवाल्याने इंग्रजीत लिहिलं होतं की शशी फार चांगली व्यक्ती आहे, रविवारी मुलांना मराठी शिकवते. व्यक्ती! आता ह्यातून कोणी काय समजायचं? लीलाची आई, माई, जिवंत असताना म्हणायची, "हरीक एक पोर आसा म्हणतत." पोर म्हणजे पोर. गुरुदासाच्या मुलाने फेसबुकवर बघितलं, तर फोटोच्या जागी समुद्र.

"ताई, तू टायपिंग कर. तुझा मराठी चांगला," गुरुदास म्हणाला. लॅपटॉप माजघरात मेजावर मांडला, स्वतः झोपाळ्यावर बसला. "लिव. आदरणीय शशीदादा."

"दादा कशावरनं?" लीलाने विचारलं. "बाई असली तर?"

गुरुदासाने झोपाळा थांबवला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं असं नाही. उलट, त्याने सगळं ध्यानात घेऊन ठेवलं होतं.

"म्हणान तर दोन लिवया," तो म्हणाला. "एक दादाक, एक ताईक. तयार असलेले बरे."

लीलाला वाटलं, मायना तेवढा दोन तऱ्हेचा. खाली मजकूर एकच असणार. असला विचार करणारी ती भाबडी, आणखी काय!

दादाचा मेल त्याने ऐटीत सांगितला. आदरणीय शशीदादा, सप्रेम नमस्कार. आमच्या बाबांनी तुमच्या बाबांचं नाव कधी पुसलं नाही. तुमचा अर्धा वाटा राखून ठेवलेला आहे. गावी या, जागा डोळ्यांनी बघा, कुठचा तुकडा हवा तो सांगा. भराडीदेवीच्या जत्रेला या, घर तुमचंच आहे. बँकेला कर्जापुरती संमती मात्र द्या. लीला टाइप करत गेली. तिला बरंसुद्धा वाटलं. बाबा असते तर असंच लिहिते.

"आता दुसरो. सौभाग्यवती शशीताई..."

"लग्न झालाहा कशावरनं?"

"बरा, नुसता शशीताई लिव." आणि तो सांगू लागला. शशीताई, अनेक आशीर्वाद. तू आमची लेक. माहेरवाशिणीने माहेरच्या मातीवर हक्क सांगू नये, अशी आपल्या घराची रीत आहे. सोबत हक्कसोडपत्राचा मसुदा पाठवत आहे. तिथल्या भारतीय वकिलातीत सही साक्षांकित करून मुखत्यारपत्र धाड, बाकीचं आम्ही इकडे बघतो. जत्रेला ये, देवीची ओटी भर. तुझी साडीचोळी करू.

लीलाची बोटं साडीचोळीवर थांबली.

"काय झाला? साडीचोळी येना नाय काय तुका लिवूक?"

लीलाने वळून त्याच्याकडे बघितलं. तिला दरवर्षी भाऊबिजेला मिळणारी साडी आठवली. कडक काठाची, एक धुणं झालं की विटणारी. ह्या माणसाला तिने कडेवर घेऊन ओढा ओलांडून शाळेत नेलं होतं. आणि आज तो तिच्यासमोर, तिच्याच हातून हे लिहून घेत होता, आणि तिला त्यात काही वाटेल हे त्याच्या गावीही नव्हतं. संताप आला तिला. असा संताप की कानशिलं तापली.

"गुरुदास," ती म्हणाली, "माणूस एकच मा रे? काकांचाच पोर मा? बापयो असलो तर अर्धो वाटो, आणि बायलमाणूस असला तर साडी?"

"रीत आसा ती."

"कोणाची रीत? कायदो काय सांगता? झिल असो नाय तर चेडू, हरीकाकांचा सगळा त्या पोराचा. तू त्येका साडी दितलस?"

"अगो, ती सही देतली तर कायदो खंय येता मधी? तू देतस मा परवा? तुका कोणी जबरदस्ती केली?"

यशोदा दारात येऊन उभी राहिली. "ताईनु, उगाच तापू नकात. चाय ठेवतंय."

"चाय नको माका!" लीला ओरडली. शाळेत बत्तीस वर्षं ओरडलेला तो आवाज माजघरात घुमला. यशोदा हबकून आत गेली.

गुरुदासही उठला. "बरा, मग असा करूया. आधी साधो मेल धाडूया. नाव घेवचा नाय, दादा नको, ताई नको. कुटुंबात कोण कोण आसा, काय करतत, असा गोड इचारूया. उत्तर इला की समाजतला बाई काय बापयो. मग त्या परमान..."

"मग त्या परमान सुरी काढतलस! गोड बोलान पोटात शिरूचा, आणि बाई असली की कापूचा. लाज नाय वाटत? बाबांनी चाळीस वर्षां नाव राखल्यानी ते ह्यासाठी?"

"बाबांका मधी आणू नको!"

"मग कोणाक आणू? तुझ्या बँकेच्या मॅनेजराक?"

तो पाय आपटत अंगणात गेला आणि तिथे उगाच पाण्याच्या नळीशी झटापट करू लागला. लीला लॅपटॉपकडे वळली. ताईचा मेल तिने पुसून टाकला. सगळा. मग दादाचा मेल वर आणला.

मायन्यातलं "आदरणीय शशीदादा" काढलं. तिथे लिहिलं, "प्रिय शशी परब, सप्रेम नमस्कार." झालं. काय अडलं होतं? श्री. नको, सौ. नको, दादा नको, ताई नको. आईबापांनी ठेवलेलं नाव असतं की माणसाला. सप्रेम नमस्कार कुणालाही चालतो. खाली सगळं "तुम्ही या, तुम्ही बघा, तुम्ही सांगा" असंच होतं, त्यातला एक शब्द हलवावा लागला नाही. वर एक ओळ तिने घातली: "आपण एकमेकांना पाहिलेलं नाही, तुम्हाला काय म्हणून हाक मारायची तेही ठाऊक नाही. ते तुम्ही सांगाल तेव्हा सांगा. त्यावाचून काही अडत नाही." वाटा राखला आहे, हे जसंच्या तसं ठेवलं. आणि शेवटी सही केली: लीला आणि गुरुदास, तुमच्या काकांची दोन मुलं.

गुरुदास हात पुसत आत आला तेव्हा मेल गेला होता. त्याने वाचला. पुन्हा वाचला. तोंड लालबुंद.

"घर घातलंस माझा! बाई असली तरी आता अर्धो देवक व्हयो! लिवान दिलंस तू!"

"तूच सांगलंस, मी फक्त टाइप केलंय."

"आणि तुझा नाव कित्याक घातलंस खाली?"

लीला पदर खोचून ओट्यावर जाऊन बसली. विहिरीकडे बघत बसली. सोमवारची सही अजून डोक्यात होतीच. भावाशी एवढं भांडून झाल्यावर निदान ती तरी द्यावी, असंही मन म्हणत होतं. असलं मन! ह्याच मनाने साठ वर्षं तिचं वाटोळं केलं.

उत्तर रविवारी संध्याकाळी आलं. गुरुदासाने लॅपटॉप उघडला आणि मोठ्याने वाचायला घेतलं, कारण त्याला वाटलं आता कळणार.

"प्रिय लीला आणि गुरुदास, सप्रेम नमस्कार. घरून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. माझे वडील, अण्णा, शेवटपर्यंत मसुऱ्याच्या विहिरीचं पाणी सांगायचे. माझा वाटा राखलात, हे वाचून फार वेळ काही सुचलं नाही. जत्रेला येणार, नक्की. बँकेची संमती बसून बोलू. एक विचारायचं आहे. खाली तुम्हा दोघांची सही आहे, तेव्हा तुमच्या अर्ध्यात लीलाचा तुकडा कुठचा, ते कळवावं. विहिरीकडचा असला तर माझा त्याला लागून द्या. शेजार होईल. शशी."

गुरुदासाचा आवाज शेवटाला बारीक होत गेला. यशोदा भाकरी थापायची थांबली.

लीलाने डोळे पुसले नाहीत. वाहू दिले. मग पिशवीतून हक्कसोडपत्राची प्रत काढली, भावाने तिला वाचायला म्हणून दिलेली, आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"ह्या ठेव तुझ्याकडे. उद्या मालवणाक मी येवचंय नाय. सही करूचंय नाय."

गुरुदास पडद्याकडेच बघत होता. मेल वरून खाली, खालून वर, पुन्हा वर. कुठे काही सापडतंय का ते शोधत होता बिचारा.

"पण ताई," तो शेवटी म्हणाला, "बापयो काय बायलमाणूस, ता खंय लिवल्यानच नाय. ह्या आसा तरी कोण?"

"वाटेकरी आसा," लीला म्हणाली. "आणि मीय."