चारशे मीटरची विहीर

औरादच्या मराठी शाळेतून दहावी करून दीपमाला बिदरला सायन्सला गेली आणि सगळं इंग्रजीतून ऐकून महिन्याभरात घाबरून गेली. त्या दिवशी तिनं ठरवूनच टाकलं होतं, की सायन्स सोडायचं. तिला कॉलेजात नेऊन आर्ट्सला घालायला तिचे वडील उद्धवराव इस्त्रीचा सदरा घालून अंगणात मोटारसायकल पुसत होते.

राजूबाई आत्याला हे पटेना. आयुष्यभर तिनं पोरांना शिकवलं होतं. ती दीपमालेजवळ जाऊन बसली. "कामून सोडायलीस गं?"

दीपमालेनं वही पुढं केली. गावातल्या शिकवणीच्या सरांनी गणित लिहून दिलं होतं: विहिरीत दगड सोडला, t = १ s नं पाण्यावर पडला, तर पाणी किती खोल? सूत्रानं तिचं उत्तर आलं ४.९ मीटर. मग खात्री करावी म्हणून सरांच्या अक्षरातल्या गणिताचा फोटो काढून तिनं मोबाइलमधल्या गणित सोडवणाऱ्या ॲपला दिला, तर त्याचं उत्तर ३९६.९.

"मला काहीच येत न्हाई, आत्या."

आत्याला ते सूत्र ठाऊक नव्हतं, पण विहिरी ठाऊक होत्या. लहानपणी घागरीला दोर बांधून ती किती पाणी शेंदायची, तळहात कसे सोलायचे, सगळं तिला आठवलं.

"चारशे मीटर म्हंजी इथून कुठवर?"

दीपमालेनं डोळे पुसत अंदाज केला. "बसस्टँडपोत्तर."

"मग एवढा दोर ओढायला बायका बसस्टँडवर जात व्हत्या का?"

दीपमालेला हसू आलं, आणि हसता हसता ती थांबली. एका सेकंदात दगड बसस्टँडइतका खाली? तेवढ्यात तर तोंडून जेमतेम 'एक' निघतो.

तिनं एककं लावून पाहिली. अर्धा गुणिले गुरुत्वाकर्षणाचा g, गुणिले वेळेचा वर्ग. मीटर भागिले सेकंदाचा वर्ग, गुणिले सेकंदाचा वर्ग. सेकंद कटले, उरले मीटर. खोलीला हवं तेच. सूत्रात चूक दिसत नव्हती, मग बहुतेक आकड्यातच असणार. तिनं मोबाइलवरची पहिली ओळ नीट वाचली. t = 9 s.

सरांचा मराठी १, मोबाइलनं इंग्रजी 9 वाचला होता! नवाचा वर्ग एक्याऐंशी, म्हणून एक्याऐंशी पट खोल विहीर.

"आत्या, माझंच बरोबर हाय."

आत्यानं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दीपमाला अंगणात आली. "अप्पा, मी सायन्सच करते."

उद्धवरावांनी मोटारसायकलच्या आरशावरून शेवटचं फडकं फिरवलं. मग म्हणाले, "आता सदरा घातलाच हाय, तर चल, तुला तुझ्याच वर्गात सोडतो."