टोपात परत ओतलेलं वरण

सुचिताच्या लग्नाची तिसरी पंगत उठली तेव्हा मी मांडवामागे आचाऱ्यांच्या शेगड्यांपाशी उभी होते. सुचिता माझी नणंद. आमचं घर करावे गावठाणात, सीवूड्सच्या मॉलपासून हाकेच्या अंतरावर. मांडव घरासमोरच्या मैदानात घातला होता. घरच्या सुनेने नववारी नेसून पुढे मिरवायचं सोडून मागे टोपांची राखण करायची, हे सासूबाईंना सकाळपासून खटकत होतं.

"नमिता, फोटोवाला विचारतोय, वहिनी कुठंय," त्या दोनदा येऊन सांगून गेल्या.

"आलेच, आई."

गेले नाही. तुर्भ्याला बायका-मुलांचं एक निवारा घर आहे. तिथल्या व्यवस्थापक शालनताईंना मी शब्द दिला होता: संध्याकाळचं जेवण आमच्याकडून. पन्नासेक माणसं, त्यात निम्मी मुलं. त्यांनी स्वयंपाकाच्या बाईंना संध्याकाळची सुट्टीही देऊन टाकली होती. आमचं जेवण पोचलं नाही तर तिथली चूल थंड असणार होती.

शालनताई साताऱ्याकडच्या, बोलायला सरळ. फोनवरच त्यांनी सांगून ठेवलेलं, "ताटापर्यंत गेलेलं नको. वाढायला काढलेलं नको. श्रीखंड, कोशिंबीर, नारळाची चटणी तर आजाबात नको, आवो उन्हाळा हाय. शेगडीवर गरम राहिलेलं, झाकलेलं, तेवढंच. आन् शिजलं कधी ते सांगायचं."

मला हे पटवून द्यायची गरज नव्हती. मागच्या उन्हाळ्यात एका बारशाहून आल्यावर माझी ओवी रात्रभर उलट्या करत होती. दोन वर्षांचं पोर, सुई टोचायला शीर सापडत नव्हती. भात दुपारचा होता, वास चांगला होता, चवही चांगली. डॉक्टर म्हणाले होते, वासावर जाऊ नका. तेव्हापासून मी भाताकडे संशयाने बघते. माझ्या या सवयीला तेजस, म्हणजे माझा नवरा, सीआयडी विभाग म्हणतो.

म्हणून मी आचारी हौसेरावांना आधीच सांगून तीन टोप बाजूला काढून घेतले होते: वरण, भात आणि बटाटा-वाटाण्याची रस्सा भाजी. तिन्ही मंद आचेवर, झाकण लावून. पंगतीला जायचं ते दुसऱ्या टोपांतून. पुऱ्या तळून, गार करून कागद घातलेल्या डब्यात. बुंदीचे लाडू वेगळे.

तेवढ्यात सासूबाईंच्या थोरल्या जावेने हळदीचं उरलेलं मटण आणून ठेवलं. "फ्रीजमधी ठेवलंय रातभर. पोरं खुश होतील."

"काकू, काल रात्री ते किती वेळ बाहेर होतं?"

"नाचत होतो सगळी. कोन बघतं?"

"मग राहू द्या."

"शिकलेल्या सुना म्हंजे ना," म्हणत त्या पातेलं घेऊन गेल्या. ते मटण पुढे कुणी खाल्लं का, मी विचारलं नाही. ओवीला मात्र माझ्या आईजवळ पाठवून दिलं.

आता न्यायची तयारी. त्यासाठी थर्मासचे तीन मोठे स्टीलचे डबे शालनताईंनीच पाठवले होते. मी त्यांत उकळतं पाणी भरून ठेवलं, म्हणजे अन्न ओतल्यावर गार स्टीलने ते निववू नये. दीर मितेश म्हणाला, "वहिनी, टेम्पो देतो ना. टेन्शन काय घेते?" त्याचा टेम्पो करंजा बंदरावरून मासळी आणतो. धुतला तरी मागे बर्फाचं पाणी साचलेलं असतं. मी म्हटलं आपली गाडीच नेऊ, डिकीत धुतलेली चादर घालून.

"मासळीवर जगलो आमी, आता वास येतो," मितेश हसला आणि चादर आणायला गेला.

डब्यांतलं पाणी ओतून टाकायला मी वळले, आणि आप्पा दिसले.

आप्पा म्हणजे तेजसचे थोरले काका. गावातल्या कुठल्याही लग्नात वाढप त्यांच्याकडे. खांद्यावर पंचा, हातात बादली. पंगतीतून परत आलेली वरणाची बादली त्यांनी माझ्या टोपाचं झाकण सरकवून आत ओतली. मग भाताची परात दुसऱ्या टोपात. हात इतका सराईत होता की खाली एक शीतसुद्धा सांडलं नाही.

"आप्पा, हे बाजूला काढलेलं होतं."

"म्हाईत हाय. म्हनून तर भर घातली. आपल्या घरचं कमी नको पडायला."

"ती बादली मांडवात होती. पहिल्या पंगतीपासून."

"मंग?"

"मग ते निवलेलं होतं. तिथे पंख्याखाली, उघडं."

आप्पांनी पंचाने घाम पुसला. "उष्टं हाय का? सांग. कोनाच्या पानातलं उचललं का मी? चाळीस वर्सं वाढतोय. बादलीतलं टोपात जातं. वाया घालवायचं नसतं अन्न."

खरंच, पंगतीचा तो नियमच आहे. पानातलं ते उष्टं, बादलीतलं ते स्वच्छ. आमच्याकडे कुणालाही विचारा. आणि त्यात खोटं काही नाही, फक्त त्या नियमाला घड्याळ माहीत नाही. पळी कितीदा पानाला टेकली असेल, बादली किती वेळ कोमट पडून असेल, ते कुणी मोजत नाही. मोजायची वेळही नसते. पंगतीतलं वरण तिथेच, अर्ध्या तासात संपायचं असतं. हे तर अजून तुर्भ्याला जाणार, तिथे वाट बघणार, मग मुलांच्या पोटात जाणार होतं.

हौसेराव मध्ये पडले. "ताई, सणसणीत उकळी काढतो. सगळं मरतंय."

"भाताचं नाही मरत, दादा. काही जंतू मेले तरी त्यांनी सोडलेलं विष तसंच राहतं. उकळून जात नाही. आणि वरणात काय किती वेळ होतं, मलाच सांगता येत नाही. शालनताई विचारतील तेव्हा मी काय सांगू?"

"म्हंजे फेकायचं?" आप्पांनी विचारलं. आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "पोरीच्या लग्नाचं अन्न फेकायचं?"

मागे सासूबाई येऊन उभ्या होत्या. मला वाटलं आता त्या माझ्यावर चिडतील. त्यांनी टोपात डोकावून बघितलं, मग माझ्याकडे.

"आपली ओवी खाईल का हे, रात्री?" त्यांनी विचारलं.

"नाही, आई."

"मंग दुसऱ्याच्या पोरांना कसं द्यायचं," त्या म्हणाल्या, आणि डोळ्यांना पदर लावून तिथून गेल्या. त्या वरणासाठी रडल्या की मुलीच्या लग्नासाठी, मला कळलं नाही.

आता उरलं काय? भाजीचा टोप. त्याची बादली रिकामीच परत आली होती, म्हणून त्यात कुणी काही ओतलं नव्हतं. पुऱ्या, लाडू. पन्नास माणसांना तेवढ्याने रात्र निघाली नसती. मी शालनताईंना फोन लावला आणि घडलं ते सांगितलं.

"बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "लोक न्हाय सांगत. ओतून गप बसत्यात. कच्चं हाय का काय शिल्लक? डाळ-तांदूळ द्या, मी बघते. पर माझी बाई गेली बघा, पोरं भुकेजत्यात."

कच्चं होतं. कोठीच्या खोलीत तुरीची डाळ, तांदळाचं अर्धं पोतं, तोंड बांधलेलं. मी हौसेरावांकडे बघितलं. त्यांची माणसं भांडी घासायला लागली होती.

"एक वरण-भात नव्याने लावता?"

"गॅस हाय. पन वऱ्हाडाची चौथी पंगत बसतीय ताई, उरणचे लोक. माणसं तिकडं. पुन्हा कोनतरी येऊन बादली ओतली तर?"

तो प्रश्न खरा होता. वाढपी पंचवीस पोरं, सगळी आप्पांच्या हाताखाली शिकलेली. बादली रिकामी करायची ती जवळच्या टोपात, हे त्यांच्या हातात बसलेलं. मला मात्र पाठवणीला पुढे जावंच लागणार होतं. नवरीच्या मागे उभं राहायला वहिनी लागते.

आप्पांनी एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि शेगडीसमोर ठेवली.

"लाव टोप," ते हौसेरावांना म्हणाले. "मी बसतो."

"आप्पा, पाठवणी..."

"तू जा. काका नसला म्हनून पोरगी सासरी जायची थांबते का?"

जुनं वरण आणि भात ओल्या कचऱ्याच्या पिंपात गेला. गाईंना द्या, असं कुणीतरी म्हणालं, पण शिजलेला भात ढीगभर खाल्ला तर गाय आजारी पडते, हे आप्पांनीच सांगितलं. ते ओतताना त्यांनी मान वळवली.

पुढे मी सुचिताच्या मागे उभी राहिले, रडले, फोटोत आले. वऱ्हाडाची गाडी सजून उभी होती. सुचिता पाया पडत पडत थांबली. "आप्पा कुठंयत?"

"मागे. टोपापाशी," मी म्हटलं.

तिने शालू उचलला आणि सरळ मांडवामागे गेली. आम्ही सगळे मागोमाग. आप्पा खुर्चीवर बसलेले, आडवा हात करून एका पोराला बादली दुसरीकडे ठेवायला सांगत होते. सुचिता वाकली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. दुसऱ्या हाताने झाकण धरून ठेवलेलं.

"जा बाय. सुखी राव. गरम हाय, शालू लांब धर."

वरण उकळतं असतानाच डब्यात भरलं, काठोकाठ, म्हणजे वर हवा कमी राहावी. मग वाफाळता भात, मग भाजी. खटके लावले. डब्यांवर मी पट्टी चिकटवून शिजल्याची वेळ लिहिली. पुऱ्या आणि लाडू मागच्या सीटवर. तेजस गाडी चालवणार, आणि आप्पा न विचारता पुढे बसले.

गाडी पाम बीच रोडला लागली. सानपाड्याच्या सिग्नलला आप्पा म्हणाले, "ते विष. डोळ्याला दिसत नाय?"

"नाही. वासही येत नाही."

"मंग आमी कसं वळखायचं?"

"ओळखायचं नसतं, आप्पा. निवू द्यायचं नसतं, एवढंच."



शालनताई दारातच होत्या. डबा उघडल्या उघडल्या त्यांनी वरणात लांब दांड्याचा थर्मामीटर बुडवला. आप्पांनी वाकून बघितलं, जणू नाडी बघतायत. पारा ऐंशी अंशांच्या वर होता.

"कधी शिजलं?"

मी तोंड उघडायच्या आत आप्पांनी सांगितलं. कधी लावलं, कधी उतरवलं, कोण होतं. "मी सोताच बसलेलो," ते म्हणाले.

"बसा मग जेवायला," शालनताई म्हणाल्या.

आप्पा बसले नाहीत. त्यांनी पंचा कंबरेला बांधला, बादलीत वरण काढलं आणि वाढायला घेतलं. मुलं दोन ओळींत बसलेली. ओळ संपवून ते बादलीसकट मागे आले. तळाला जरा वरण उरलं होतं. हात सवयीने डब्याकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला. तिथे भांडी लावत असलेल्या बाईला त्यांनी बजावलं, "हे परत डब्यात नाय ओतायचं हां."

"आमी कधीच नाय ओतत, काका," ती म्हणाली. "हितं द्या. शेवटच्या पोराला वाढते."