भाऊजींची पौर्णिमा

बाबांना एकदा आकाशगंगा बघायची होती. लहानपणी शेतात झोपताना बघितली होती, नंतर शहराच्या दिव्यांनी ती गिळली. हे कळताच आमच्या भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, माळावरच्या रिसॉर्टमध्ये खोल्या ठरवल्या. तारीख कुठली, तर पौर्णिमेची!

"चांगला उजेड असतो. तारे स्पष्ट दिसतील," ते म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. मी आकाशनिरीक्षण मंडळात दहा वर्षं घालवलेली, आणि हा माणूस उजेडात तारे शोधणार! उचलली जीभ लावली टाळ्याला.

"भाऊजी, पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताला उगवतो आणि रात्रभर ठाण मांडून बसतो. आकाशगंगा पार पुसून टाकतो. अमावास्येच्या आसपासच जायचं. तेही पावसाळा संपल्यावर, अंधार पडता पडता तिचा भरदार भाग नैऋत्येला असतो तेव्हा. आणि रिसॉर्टच्या बागेत दिवे असतात, तिथे तर नकोच."

"मग कुठे?"

"घाटापलीकडे. जवळपास गाव नाही, दिवा नाही."

भाऊजी गप्प बसले. अज्ञानी माणसाला गप्प बसलेलं बघण्यात मला फार समाधान मिळतं, हे कबूल करते.

शिवाय मी सगळ्यांना सराव द्यायचं ठरवलं. नवखी माणसं गाडीतून उतरतात, मोबाइल चमकवतात आणि म्हणतात, काहीच दिसत नाही! डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात. म्हणून जेवणाआधी मी दिवाणखान्याचे पडदे ओढले, दिवे घालवले. दाराखालून येणारी अंधुक तिरीप तेवढी राहिली.

थोड्या वेळाने ताई म्हणाली, "अगंबाई, कपाट दिसायला लागलं!" भाऊजींना तर भिंतीवरची फ्रेमसुद्धा दिसली. मी खूश.

तेवढ्यात पेला पडल्याचा आवाज आला. बाबा टेबल चाचपत होते.

"बाबा, पेला समोरच होता की."

"असेल गं. मला काहीच दिसत नाही." ते ओशाळून हसले. "दिवस मावळला की असंच होतं हल्ली. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांचा पडदा खराब झालाय, सुधारायचा नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"तू एवढं समजावत होतीस. म्हटलं, तुझ्या अंधारात दिसेलही कदाचित."

मी दिवा लावला. भाऊजींनी खाली वाकून पाणी पुसलं.

बाबांनी विचारलं, "पौर्णिमेला चंद्र तरी दिसेल ना मला?"

"दिसेल, बाबा."

दहा वर्षं आकाश बघणारी मी, आणि शेजारच्या खुर्चीतला माणूस मला दिसला नव्हता. माझी मलाच किळस आली.

"भाऊजी," मी म्हटलं, "त्या खोल्या अजून आहेत का?"

"आहेत," ते म्हणाले. "रद्द करायचं राहूनच गेलं."