पानकूज, सत्त्याण्णव टक्के

गुणधर माइतीच्या बोरोजात, म्हणजे विड्याच्या पानांच्या झाकलेल्या मळ्यात, आंघोळ केल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. तागाच्या काड्यांच्या भिंती, वर पेंढ्याचे छत, आणि आतल्या हिरव्या अंधारात ओळीने चढलेल्या पानवेली. दारात पाण्याचा घडा असतो. चप्पल बाहेर काढायची, पाय धुवायचे, धुतलेला गमछा नेसायचा आणि मगच वाकून आत शिरायचे. हा नियम त्याच्या पणज्याने देवाच्या नावाने घातला होता. मी एकतीस वर्षे तालुक्याच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले, आणि या नियमाला अंधश्रद्धा ठरवणारे तीन प्रबंध माझ्या सहीने उत्तीर्ण झाले. वेलीचे बूड कुजवणारी बुरशी चिखलातून येते आणि चिखल तळव्यांना चिकटून येतो. म्हणजे देवाचे नाव वगळले, तर जे उरते ते पाठ्यपुस्तकाचे एक संपूर्ण प्रकरण आहे. पण आपल्याकडे देवाचे नाव वगळताना प्रकरणही वगळण्याची पद्धत आहे.

श्रावणात बाजार समितीने ‘पर्णदृष्टी’ आणली. आता पानाची प्रत आडत्याच्या अंगठ्याने नव्हे, तर फोनमधल्या छायाचित्रावरून ठरणार होती. आकार, रंगाचा एकसारखेपणा, डाग, कडा, सगळे पाहून यंत्र अ, ब, क असा वर्ग देई, आणि रोग दिसल्यास लाल शेरा. लाल शेरा मिळालेला बोरोज सात दिवसांत उपटून जाळायचा; तोवर त्यातले एक पानही बाजारात न्यायचे नाही. छायाचित्र वेलीवरच्या, न तोडलेल्या पानाचेच हवे, कारण तोडलेले पान दुसऱ्याचेही असू शकते. गुणधरचे घर त्या बारा गुंठ्यांतल्या पानांवरच चालत होते.

समितीचे निरीक्षक तपोब्रत घोडुई फोन घेऊन आले, तेव्हा मी गुणधरच्या ओसरीवर चहा पीत होतो.

"हा फोन आत न्यायचा?" गुणधरने विचारले.

"मग काय पानांना बाहेर बोलावणार?"

"कुठकुठे फिरून आलाय हा?"

"सतरा बोरोज, दादा. शिवाय मासळीबाजार. आणि..." घोडुईंनी थोडा विचार केला. "आणि सगळीकडे. माणूस फोन कुठे ठेवून जातो का?"

गुणधरची बायको शैवालिनी दारातून म्हणाली, "म्हणजे संडासातसुद्धा. आणि तो असाच आत जाणार? आंघोळ न करता?"

"काकी, घाला आंघोळ! वॉटरप्रूफ आहे. बुडवा खुशाल."

हे ते थट्टेत म्हणाले. पण सरकारी माणसाचे बोलणे थट्टेत घ्यायचे नाही, हे गुणधर तीन सरकारांच्या काळात शिकला होता. त्याने तळ्याच्या पाण्यात गंगाजलाचे चार थेंब टाकले, फोन तीनदा बुडवला, गमछ्याने पुसला, आणि पाय धुऊन आत नेला. घोडुई बाहेरच बसले. त्यांना दुसरा कप हवा होता. वीस पानांची छायाचित्रे निघाली.

वीसच्या वीस लाल.

"पानकूज," घोडुई वाचू लागले. "सत्त्याण्णव टक्के खात्री. गोल, पाणी मुरल्यासारखे, तपकिरी डाग, आत फिकट-गडद वलयं."

"माझ्या पानावर डाग?" गुणधरने दारातून दिसणाऱ्या वेलीकडे बोट दाखवले. "डोळे आहेत ना तुमच्या तोंडावर? बघा की!"

"मी बघून काय उपयोग? मी प्रमाणित नाही."

मी फोन हाती घेतला. पानकुजीचे डाग खरोखर तसेच असतात, आणि वलयेही अगदी तशीच, हे मान्य करायला हवे. फक्त एक गोष्ट खटकत होती. वीस वेगवेगळ्या पानांवर डाग एकाच जागी, उजव्या वरच्या कोपऱ्यात, एकाच आकाराचा होता. रोग इतका शिस्तबद्ध नसतो. तेवढी शिस्त फक्त कार्यालयांना परवडते. मी फोन फिरवून घोडुईंचे छायाचित्र काढले. त्यांच्या कपाळाच्या उजव्या बाजूला तपकिरी, वलयांकित डाग उमटला. यंत्राने क्षणभर विचार केला आणि निकाल दिला: पानकूज, सत्त्याण्णव टक्के, सात दिवसांत उपटून जाळावे.

शैवालिनी पदर तोंडात कोंबून आत पळाली.

"भिंगाच्या काचेखाली पाण्याचा थेंब शिरलाय," मी म्हणालो. "तळ्याचं गढूळ पाणी. तुम्हीच बुडवा म्हणालात."

घोडुईंनी स्वतःचे छायाचित्र बराच वेळ न्याहाळले. मग शांतपणे म्हणाले, "मास्तरमोशाय, यंत्र पानांसाठी आहे. कपाळाचा निकाल ग्राह्य नाही. पानांचा आहे."

"पण दोन्हीकडे थेंब तोच!"

"थेंब तोच असेल. अर्ज वेगवेगळे आहेत."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले आहे. न्यायशास्त्रावरचे जाडजूड ग्रंथ मी वाचले आहेत. त्यांपैकी एकाही ग्रंथकाराला हे इतक्या थोडक्यात मांडता आले नव्हते.

फेरतपासणीची मागणी करता येत होती, पण त्याच फोनवर, कारण नोंद त्याचीच होती. त्यासाठी तीन सदस्यांची समिती यायची. तोवर फोन सीलबंद डब्यात अर्जदाराच्या घरी राहायचा. सीलबंद डबा समितीकडे नव्हता. शैवालिनीने मुरमुऱ्यांचा दिला. पाच दिवस फोन मुरमुऱ्यांत पडून होता. ओल शोषून घेण्याचा हा उपाय तिने मुद्दाम केला की डबा रिकामा करायचा कंटाळा म्हणून, हे मी विचारले नाही. मुरमुरे मात्र पुढे लोळागोळा निघाले.

सहाव्या दिवशी समिती आली. तिघांनी त्या सकाळी आधीच चार बोरोज पाहिले होते. बुटांना घोट्यापर्यंत काळा, ओला चिखल होता.

गुणधर दारात घडा घेऊन उभा राहिला. "बाबू, पाय तेवढे धुवा. बूट बाहेर काढा."

"का हो, आत देऊळ आहे?"

"देऊळ समजा."

"फोनला न्हाऊ घालून काय झालं ते पाहिलंत ना? आता आम्हाला बुडवणार?" अध्यक्ष हसले, आणि त्यांच्यामागे शिष्टाचाराप्रमाणे इतर दोघेही हसले.

मी म्हणालो, "आधीच्या चार बोरोजांपैकी कुठे वेली मरगळलेल्या होत्या?"

"तिसऱ्यात होत्या. बूड काळं पडलेलं. पण पानं अ वर्ग आली, फोटोत स्वच्छ."

"तोच चिखल तुमच्या बुटांना आहे."

"मास्तरमोशाय, बूट सरकारी आहेत," अध्यक्ष म्हणाले. त्यांना वाटले की याने प्रश्न मिटला. आणि मिटलाच. ते आत गेले, मधल्या वाटेने दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीतून शेवटपर्यंत चालले आणि परतले. फोन आता कोरडा होता. वीसच्या वीस पाने निरोगी, अ वर्ग. आदेश मागे घेतला गेला. शैवालिनीने सर्वांना रसगुल्ले दिले. गुणधर रसगुल्ला हातात धरून वाटेवरचे ठसे बघत राहिला.

भाद्रपदातल्या एका सकाळी तो माझ्या दारात आला. हातात वेलीचा एक तुकडा होता.

"ओढली तर अलगद हातात आली. वास बघा."

बूड काळे, मऊ झालेले. साल बोटांनी सुटत होती. मासळीसारखा कुजका वास. दुसरी आणि तिसरी ओळ, बरोबर बुटांच्या वाटेने. पाने थोडी मलूल होती, पण रंग अजून हिरवाच.

"त्या दोन ओळी आजच उपटा," मी म्हणालो. "मुळासकट, आजूबाजूच्या मातीसकट. बाहेर नेऊन जाळा. पाणी तोडा, उरलेल्या वेलींच्या बुडाशी मोरचूद-चुन्याचं मिश्रण ओता. आठवडा गेला तर सगळा बोरोज जाईल."

"उपटता येत नाही ना. अ वर्ग आहे. प्रमाणित माल उपटला तर नोंदणी रद्द. मग उरलेली पानं विकायची कुणाला?"

घोडुईंना बोलावले. त्यांनी पाय धुऊन आत जाऊन मलूल पान न तोडता पाटीवर सपाट पसरले आणि छायाचित्र काढले. पाटीवर पसरले की मरगळ दिसत नाही. अ वर्ग.

"वेल मेलीय, साहेब! बूड तरी बघा!"

"बुडाचा फोटो घेण्याची सोय नाही, दादा. यंत्र पान बघतं." या वेळी त्यांच्या आवाजात खरे दुःख होते. घोडुई वाईट माणूस नव्हते. त्यांच्या नजरेचा फक्त राजीनामा घेण्यात आला होता. "लाल शेरा असता तर मी आत्ता परवानगी दिली असती."

मग शैवालिनीने घडा आणून मधोमध ठेवला.

"तीनदा बुडवला तर सगळा बोरोज जाळायला सांगतो," ती म्हणाली. "आपल्याला दोनच ओळी हव्यात. एकदा बुडवून बघा."

मी घोडुईंकडे पाहिले. घोडुई अत्यंत लक्षपूर्वक नारळाच्या झाडाकडे पाहू लागले.

गुणधरने फोन एकदाच बुडवला, गमछ्याने पुसला, पाय धुवून आत नेला. या खेपेस डाग फिकट उमटला, वलय एकच. यंत्राने नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. क वर्ग, पानकूज, एकेचाळीस टक्के, बाधित ओळी काढून टाकाव्यात.

रोग बुडाचा, निदान पानाचे, डाग पाण्याचा. आणि आज्ञा अचूक. माझ्या चाळीस वर्षांच्या वाचनात सत्याचा इतक्या वाकड्या वाटेने झालेला विजय आढळला नव्हता. मी साक्षीदार म्हणून सही केली. सही नेहमीसारखीच सुबक आली, हेही नमूद करतो.

दुपारपर्यंत दोन्ही ओळी जळून गेल्या. बाकीच्या वेलींना निळसर मिश्रण मिळाले.

पंधरा दिवसांनी बाजार समितीचे परिपत्रक निघाले. माइती यांच्या बोरोजात वेळीच झालेल्या निदानाचे श्रेय त्यात पर्णदृष्टीला होते, आणि यापुढे उपकरण ‘स्थानिक पद्धतीने एकदा स्वच्छ करून’ बोरोजात न्यावे, अशी शिफारस होती. बुटांचा उल्लेख नव्हता.

आश्विनाच्या पहिल्या आठवड्यात घोडुई आणि अध्यक्ष ते परिपत्रक घेऊन फेरतपासणीला आले. अध्यक्षांनी भक्तिभावाने फोन घड्यात बुडवला, कपाळाला लावला, आणि बुटांसह आत शिरण्यासाठी वाकले.

गुणधर आडवा आला. "बाबू, कागद वाचा."

"काय आहे त्यात?"

"फोन आत न्यावा, असं लिहिलंय. अध्यक्ष आत न्यावेत, असं कुठंय?"

अध्यक्षांनी परिपत्रक वाचले. उलटून पाहिले. मग घोडुईंना दिले. घोडुईंनी ते सावकाश, ओळ न् ओळ वाचले आणि मान हलवली.

"तसं लिहिलेलं नाही, साहेब."

"मग आता?"

"सुधारित परिपत्रक काढावं लागेल. दोन-तीन वर्षं लागतील."

अध्यक्ष ओसरीवर माझ्या शेजारी येऊन बसले. बूट पायातच होते. शैवालिनीने त्यांच्यासमोर मुरमुऱ्यांची वाटी ठेवली. गुणधरने फोन आपल्या गमछ्याने कोरडा पुसला, भिंग पुन्हा एकदा उन्हात धरून पाहिले, पाय धुतले, आणि वाकून आत गेला.