मिक्सरचा आवाज

प्रसारणाची फाइल सहा वाजता वाहिनीकडे जायची होती. पावणेपाच झाले होते. कोथरूडच्या एडिट रूममध्ये दीपाली पाककलेच्या स्पर्धेचा नववा भाग कापत होती.

निशा या स्पर्धक मुलीने प्रतिस्पर्धी समाधानचा गॅस बारीक केला, एवढंच त्यात दिसत होतं. त्यापुढे दीपालीने निशाचं हसू जोडलं होतं. ते चित्रीकरणाच्या दिवशी सकाळचं, लाइट लावेपर्यंत ती थांबली होती तेव्हाचं. मग मुलाखत. निशाचं मूळ वाक्य होतं, "मला त्याला हरवायचंय असं कुणाला वाटत असेल, तर ते चुकतायत." दीपालीने ते 'हरवायचंय'वर तोडलं. आवाज अधांतरी राहत होता म्हणून दुसऱ्या दिवसाचं 'हरवायचंय' बसवलं आणि ओठ दिसू नयेत म्हणून वर सुरीचं दृश्य टाकलं.

निशा दीपालीच्या शेजारच्याच सोसायटीत गणिताचे क्लास घेई. मागच्या भागानंतर सात मुलं तिचा क्लास सोडून गेली होती. सकाळी घराच्या जिन्यात शेजारच्या हेमाकाकू म्हणाल्या होत्या, "आमच्या आयुषला काढला बाई. असली बाई काय शिकवणार?"

दीपालीने मूळ चित्रीकरण पुन्हा लावलं. गॅस बारीक करताना निशा म्हणाली होती, "समाधान, खाली लागतंय हं." सहा सेकंद. तिने ते परत जोडले, हसू काढलं, मुलाखत पूर्ण ठेवली आणि निर्माता विश्वजीतला बोलावलं.

"तिने सांगितलं होतं, सर. हे असंच जाऊ दे."

विश्वजीतने पाहिलं. पुढे परीक्षकांसमोर समाधान म्हणत होता, "माझा गॅस कुणीतरी बारीक केला. मला म्हाईतच न्हाई."

"अरे वा! म्हणजे मांजरी गावचा हा साधा मुलगा खोटं बोलतोय."

"नाही सर. मिक्सर चालू होता. त्याला ऐकूच गेलं नाही."

"मिक्सर कुणाच्या माइकवर आहे?"

"त्याच्या. निशाच्या माइकवरही थोडा येतो."

"त्याचा बंद कर, तिचा साफ कर. चित्र मोठं कर, मिक्सरचं भांडं फ्रेमबाहेर जाईल."

"मिक्सर ठेवू ना. मग कुणाचीच चूक नाही."

"कुणाचीच चूक नाही, असा अकरा मिनिटांचा प्रसंग बघणार कोण? तुझी आई?" तो घड्याळाकडे वळला. "जुनं पाठव, नाहीतर मिक्सर काढून हे. तूच ठरव, म्हणजे मला दोष नको."

पाच पस्तीस. एक्स्पोर्टला वीस मिनिटं.

दीपालीने समाधानचा ट्रॅक बंद केला. चित्र मोठं केलं, मिक्सर फ्रेमबाहेर गेला. आता शांत स्वयंपाकघरात निशाचा आवाज स्वच्छ येत होता आणि समाधान पाठ फिरवून उभा होता, मान न वळवता.

"बघ, ऐकून न ऐकल्यासारखं करतोय," विश्वजीत म्हणाला.

क्षणभर दीपालीलाही तसंच दिसलं. तिने एक्स्पोर्ट दाबलं.